बदामचा राजा दोनदा

मे महिन्यातली दुपार. भाची सुट्टीला आमच्याकडे आली होती. नववी झाली होती, दहावीचं गणिताचं पुस्तक आधीच हाती आलं होतं, आणि तिनं सरळ संभाव्यतेचं प्रकरण उघडलं होतं, कारण त्यात पत्ते होते. बदाम सातचा डाव मांडायला मी कॅट पिसत होतो, तेवढ्यात ती म्हणाली, "मामा, कॅटातून न बघता एक पान ओढलं, तर ते बदामचं किंवा राजा असण्याची संभाव्यता किती? मी काढली. बावन्नात सतरा."

बदामची पानं तेरा, राजे चार, तेरा आणि चार सतरा. मी चूक की बरोबर काहीच बोललो नाही. कॅट तिच्या हातात दिला आणि म्हटलं, "ती सतरा पानं मला सतरंजीवर काढून दे."

तिनं एक्क्यापासून राजापर्यंत बदामची तेरा पानं ओळीनं मांडली. मग राजे शोधायला घेतले. इस्पिकचा सापडला, किलवरचा सापडला, चौकटचा सापडला. चौथा राजा हातातल्या पानांत काही सापडेना. तिनं सगळी पानं पुन्हा एकदा चाळली आणि मग तिचा हात थांबला. चौथा राजा मघापासून सतरंजीवरच होता, बदामच्या ओळीत, अगदी टोकाला. पानं सतरा नव्हती, सोळाच होती.

वीस-बावीस वर्षं अकरावी-बारावीच्या वर्गांना गणित शिकवताना मी संभाव्यतेच्या हजारो उत्तरपत्रिका तपासल्या. भागाकार चुकलेला क्वचितच दिसतो. चुकतं ते त्याच्या आधीचं साधं मोजणं. म्हणजे एकच गोष्ट दोनदा मोजली जाते किंवा दोन वेगळ्या गोष्टी एक समजून मोजल्या जातात. आणि ही चूक करणारी मुलं ढ नसतात. आपलं बोलणंच आपल्याला तिकडे ओढतं. कुणी "चहा घेणार किंवा कॉफी?" असं विचारलं, तर दोन्ही घेण्याचा प्रश्न नसतो. गणितातल्या 'किंवा'त मात्र हे, ते आणि दोन्ही, असं सगळं सामावलेलं असतं. बदामचा राजा बदामचाही आहे आणि राजाही आहे. तो मोजायचा तर आहेच, पण एकदाच. म्हणून तेरा अधिक चार वजा एक. प्रश्न 'एक्का किंवा राजा' असा असता, तर चार आणि चार आठ हे उत्तर बिनधोक होतं, कारण एकच पान एक्काही आणि राजाही असू शकत नाही. बेरीज करण्यापूर्वी दोन ढिगांत सामाईक काही आहे का, एवढं पाहायचं असतं.

पुस्तकातली व्याख्या सोपी आहे. एकूण जितक्या गोष्टी घडू शकतात त्यांना निष्पत्ती म्हणायचं. त्यांतल्या आपल्याला हव्या त्या किती, हे मोजायचं आणि त्याला एकूण संख्येनं भागायचं. पण व्याख्येत एक अट आहे, आणि ती वाचताना डोळ्यांखालून निसटते. सगळ्या निष्पत्ती समसंभाव्य हव्यात, म्हणजे प्रत्येकीला घडण्याची सारखीच संधी हवी. नीट पिसलेल्या कॅटात बावन्न पानांपैकी कुठलंही वर यायला सारखंच मोकळं असतं, म्हणून तिथे अडचण येत नाही. नाण्यांपाशी आलं की अडचण सुरू होते.

एक रुपयाची दोन नाणी उडवली. निदान एक छापा पडण्याची संभाव्यता किती? १७५४ साली फ्रान्समध्ये निघालेल्या विश्वकोशाच्या चौथ्या खंडात दालांबेर या नामवंत गणितज्ञानं छापा-काट्यावर लेख लिहिला आणि त्यात हाच प्रश्न घेतला. त्याचं म्हणणं असं : पहिल्याच नाण्याला छापा पडला तर काम झालं, दुसरं उडवायची गरजच नाही. पहिल्याला काटा पडला, तर दुसऱ्याला छापा किंवा काटा. म्हणजे शक्यता तीनच : छापा, काटा-छापा आणि काटा-काटा. त्यांतल्या दोन हव्या तशा, म्हणून उत्तर दोन तृतीयांश.

उत्तर आहे तीन चतुर्थांश. दालांबेरच्या यादीतून काही सुटलेलं नाही आणि तिच्यात काही दोनदाही आलेलं नाही. तरी ती यादी चालत नाही, कारण तिच्यातल्या तीन गोष्टी सारख्या वजनाच्या नाहीत. पहिला छापा अर्ध्या वेळा पडतो, उरलेल्या दोन गोष्टी पाव-पाव वेळा. दुसरं नाणं उडवा अथवा न उडवा, 'छापा' या एका शब्दाखाली छापा-छापा आणि छापा-काटा अशा दोन निष्पत्ती दडलेल्या आहेत. त्या सुट्या केल्या की चार होतात, चारही समसंभाव्य होतात आणि हव्या त्या तीन निघतात. हे घरी पडताळून बघता येतं. दोन नाणी दोनशे वेळा उडवा. दालांबेर खरा असेल तर साधारण एकशे तेहतीस वेळा निदान एक छापा दिसायला हवा, नाहीतर दीडशेच्या आसपास. भाचीनं दोन दुपारी बसून हे केलं. तिचा आकडा एकशे सत्तेचाळीस आला.

फाशांचा गोंधळ याच जातीचा आहे. सापशिडीचे दोन फासे घ्या, दोन्ही पांढरे, दिसायला हुबेहूब. एकावर दोन आणि दुसऱ्यावर पाच पडले काय किंवा एकावर पाच आणि दुसऱ्यावर दोन पडले काय, डोळ्यांना दृश्य एकच दिसतं. मग ते दोनदा का मोजायचं, असं वर्गात दरवर्षी कुणीतरी विचारतं. मी खिशातून दोन फासे काढतो, एक लाल, एक पांढरा. लालवर दोन आणि पांढऱ्यावर पाच ही एक गोष्ट, लालवर पाच आणि पांढऱ्यावर दोन ही दुसरी. आता लाल फाशाचा रंग खरवडून टाकला, तर फासे वेगळे पडायला लागतील का? फाशाला आपला रंग कळत नाही. रंग फक्त आपल्या डोळ्यांच्या सोयीसाठी आहे. म्हणून फासे एकसारखे असले तरी मनातल्या मनात एक लाल आणि एक पांढरा धरायचा, आणि निष्पत्ती सहा गुणिले सहा, म्हणजे छत्तीस धरायच्या.

हे एकदा पटलं की मुलं उत्साहात उलट्या बाजूला घसरतात. बेरीज सहा येण्याचे प्रकार मोजताना ती लिहितात : एक-पाच, पाच-एक, दोन-चार, चार-दोन, तीन-तीन, तीन-तीन. प्रत्येक जोडी उलटी करून दोनदा लिहायची, असं त्यांनी मनाशी ठरवलेलं असतं. पण लालवर तीन आणि पांढऱ्यावर तीन, हे उलटं करून काय मिळणार? पांढऱ्यावर तीन आणि लालवर तीन. ही तीच गोष्ट झाली. म्हणून सहा नव्हे, पाचच. निदान एका फाशावर सहा पडण्याचे प्रकारही असेच : लालवर सहा असे सहा, पांढऱ्यावर सहा असे सहा, पण सहा-सहा दोन्हींत आलं, म्हणून अकरा. बदामच्या राजाच्या जागी इथे सहा-सहा आहे.

जुळी जोडी एकदाच येते आणि बाकीच्या दोनदा, हे लाइबनिट्ससारख्या माणसाच्याही लक्षात आलं नव्हतं. दोन फाशांची बेरीज अकरा येणं आणि बारा येणं सारखंच सोपं आहे, असं त्यानं लिहून ठेवलं, कारण अकरा पाच-सहानं होतात आणि बारा सहा-सहानं, दोन्हींची रीत एकेकच. खरं तर छत्तिसांत अकराचे प्रकार दोन आहेत आणि बाराचा एक.

तीन फाशांवर हीच अडचण फार रंजक रूपात पुढे आली आणि ती सोडवली गॅलिलिओनं. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला तो टस्कनीच्या ग्रँड ड्यूकच्या पदरी होता. तिथल्या खेळणाऱ्यांना एक गोष्ट छळत होती. तीन फासे टाकून बेरीज नऊ यावी, तर तिच्या सहा तऱ्हा : १-२-६, १-३-५, १-४-४, २-२-५, २-३-४, ३-३-३. बेरीज दहा यावी, तरी तऱ्हा सहाच : १-३-६, १-४-५, २-२-६, २-३-५, २-४-४, ३-३-४. तरीही दीर्घ अनुभवानं त्यांना वाटत होतं की दहा नवापेक्षा जास्त वेळा पडतात. गॅलिलिओनं या प्रश्नावर छोटंसं टिपण लिहिलं आणि त्यात मोजून दाखवलं की त्या सहा तऱ्हा एका वजनाच्या नाहीत.

एक तऱ्हा घेऊन बघू. १-२-६ मध्ये तिन्ही आकडे वेगळे आहेत. फासे लाल, पांढरा आणि निळा धरले, तर एक यापैकी कुठल्याही फाशावर येईल, दोन उरलेल्या दोनांपैकी एकावर, आणि सहा राहिलेल्यावर. तीन दुणे सहा प्रकार. १-४-४ मध्ये मात्र एक कुठल्या फाशावर आला एवढंच ठरवायचं असतं, उरलेल्या दोघांवर चारच येणार. म्हणून तीन प्रकार. आणि ३-३-३ मध्ये ठरवायला काहीच उरत नाही. एकच प्रकार. आता नवासाठी सहा, सहा, तीन, तीन, सहा आणि एक मिळून पंचवीस होतात. दहासाठी सहा, सहा, तीन, सहा, तीन आणि तीन मिळून सत्तावीस. एकूण निष्पत्ती सहाचा घन, म्हणजे २१६. सगळा फरक त्या एकट्या ३-३-३ नं पाडला आहे. ती दिसायला बाकीच्यांसारखी एक तऱ्हा आहे, पण वजनाला फार हलकी.

आकडे पुन्हा आले की मांडण्या किती कमी होतात, याचा नेमका नियम आपल्याकडे त्याच्याही साडेचारशे वर्षं आधी लिहिला गेला होता. भास्कराचार्यांच्या 'लीलावती'चं, म्हणजे ११५० सालच्या ग्रंथाचं, शेवटचं प्रकरण अंकपाश नावाचं आहे. त्यात ते विचारतात की शंकराच्या दहा हातांत दहा आयुधं आलटूनपालटून दिली तर मूर्तीचे किती भेद होतील. उत्तर ३६,२८,८००. विष्णूच्या चार हातांत गदा, चक्र, कमळ, शंख दिले तर चोवीस. आणि मग ते एक पायरी पुढे जातात : २, २, १, १ या अंकांनी चार अंकी संख्या किती होतील? चोवीस होत नाहीत. दोन दोनांची आपसात अदलाबदल केली तर नवं काही मिळत नाही, दोन एकांची केली तरी नाही. म्हणून चोविसाला आधी दोननं भागा आणि पुन्हा दोननं भागा, सहा मिळतात. भास्कराचार्यांना फाशांच्या संभाव्यतेशी काही कर्तव्य नव्हतं, पण १-४-४ चे सहाऐवजी तीन प्रकार का, याचं उत्तर याच नियमात आहे.

गॅलिलिओच्या आकड्यांतली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. २१६ मध्ये पंचवीस आणि सत्तावीस, म्हणजे हजार वेळा फासे टाकले तर नऊ सरासरी एकशे सोळा वेळा येतील आणि दहा एकशे पंचवीस वेळा. हा फरक इतका बारीक आहे की हजार वेळा टाकूनही एखाद्याकडे नऊच जास्त पडले, तर त्यात आश्चर्य काही नाही. म्हणजे फासे टाकून टाकून खात्री करायची, तर कित्येक हजार वेळा टाकावे लागतील. नाण्यांवरची चूक दोन दुपारीत उघडी पडली. इथे मोजणी नीट केली तरच चूक सापडते, प्रयोग आपल्याला सहजासहजी सोडवत नाही. पुढच्या उदाहरणात हे आणखी टोकाला जातं.

त्या सुट्टीत एका संध्याकाळी तीन पत्तीचा विषय निघाला. आमच्या घरी दिवाळीत शेंगदाण्यांवर तीन पत्ती होते, त्यामुळे भाचीला हातातल्या पानांची प्रतवारी पाठ होती. तिनं विचारलं, "तीन पानं आली, तर त्यात निदान दोन सारखी असण्याची संभाव्यता किती?" म्हणजे दोन सत्त्या आणि एक राणी चालेल, तिन्ही सत्त्याही चालतील.

आधी एकूण हात मोजायचे. पहिलं पान बावन्नांपैकी कुठलंही, दुसरं एक्कावन्नांपैकी, तिसरं पन्नासांपैकी. गुणाकार १,३२,६००. पण हातात आलेली पानं कुठल्या क्रमानं आली याला तीन पत्तीत अर्थ नाही. तीच तीन पानं सहा क्रमांनी येऊ शकतात, म्हणजे या गुणाकारात प्रत्येक हात बरोबर सहा वेळा मोजला गेला. सहानं भागलं की २२,१०० वेगवेगळे हात मिळतात.

आता नेमक्या एका जोडीचे हात. भाचीनं गुणाकार मांडला : पहिलं पान बावन्नांपैकी कुठलंही, दुसरं त्याच्या जोडीचं, म्हणजे तिघांपैकी एक, तिसरं वेगळ्या किमतीचं, म्हणजे अठ्ठेचाळिसांपैकी एक. ७,४८८. "आता सहानं भागू?" तिनं विचारलं, कारण मघाशी सहानं भागलं होतं.

इथे थांबायला हवं. किती नं भागायचं हे आठवून सांगायचं नसतं, एक हात समोर ठेवून मोजायचं असतं. मी इस्पिकची सत्ती, बदामची सत्ती आणि चौकटची राणी सतरंजीवर ठेवली आणि तिला विचारलं, "तुझ्या गुणाकारात हा हात किती वेळा आला?" तिनं पानं हातात घेऊन मांडून पाहिली. पहिली इस्पिक सत्ती, दुसरी बदाम सत्ती, मग राणी, हा एक मार्ग. पहिली बदाम सत्ती, दुसरी इस्पिक सत्ती, मग राणी, हा दुसरा. राणी पहिली येऊ शकते का? नाही, कारण तिच्या गुणाकारात दुसरं पान पहिल्याच्या जोडीचंच असावं लागतं आणि हातात राणी एकच आहे. म्हणजे हा हात दोनदा आला, सहादा नाही. जोडीचा कुठलाही हात घेतला तरी तेच होणार. म्हणून दोननं भागायचं आणि उत्तर ३,७४४. सहानं भागलं असतं, तर १,२४८ मिळाले असते, म्हणजे उत्तर खऱ्याच्या एक तृतीयांश. आणि काहीच न भागता ७,४८८ ला २२,१०० नं भागलं असतं, तर संभाव्यता दुप्पट झाली असती. ही शेवटची चूक परीक्षेत सर्वांत जास्त दिसते : छेदात क्रम पुसलेला असतो आणि अंशात तो तसाच राहिलेला असतो. क्रम धरायचा तर वर-खाली दोन्हीकडे धरावा, नाहीतर दोन्हीकडे सोडावा.

तीन सारख्या पानांचे हात सोपे आहेत. किमती तेरा, आणि प्रत्येक किमतीच्या चार पानांतून तीन घ्यायची म्हणजे एक वगळायचं, ते चार प्रकारांनी. बावन्न हात. दोन्ही मिळून ३,७४४ आणि बावन्न, म्हणजे ३,७९६. नेमकी एक जोडी असलेला हात आणि तिन्ही सारखी असलेला हात यांत सामाईक काही नाही, त्यामुळे ही बेरीज निर्धोक आहे.

पण भाचीला हे लांबचं वाटलं. तिनं जवळची वाट काढली. निदान दोनच सारखी हवीत ना? मग आधी जोडी निवडू : किमती तेरा, प्रत्येक किमतीच्या चार पानांतून दोन निवडायचे प्रकार सहा, म्हणून अठ्ठ्याहत्तर जोड्या. तिसरं पान काहीही चालतं, उरलेल्या पन्नासांपैकी कुठलंही. अठ्ठ्याहत्तर गुणिले पन्नास, ३,९००.

ही वाट इतकी सरळ दिसते की तिच्यात खोट असेल असं वाटतच नाही. माझ्या अनुभवात चांगले विद्यार्थीही हमखास हिच्यावरूनच जातात. १०४ हात जास्त आले कुठून?

पुन्हा तोच उपाय. एक हात समोर ठेवायचा आणि तो किती वेळा मोजला गेला हे विचारायचं. दोन सत्त्या आणि राणी ठेवली. जोडी म्हणून सत्त्या निवडल्या आणि तिसरं पान राणी. एकच मार्ग. मग इस्पिक, बदाम आणि किलवर अशा तिन्ही सत्त्या ठेवल्या. जोडी इस्पिक-बदाम आणि तिसरं पान किलवर. जोडी इस्पिक-किलवर आणि तिसरं पान बदाम. जोडी बदाम-किलवर आणि तिसरं पान इस्पिक. तीन मार्ग, आणि हात एकच. तीन सारख्यांचे बावन्न हात तीन-तीनदा मोजले गेले, म्हणजे प्रत्येकी दोनदा जादा. बावन्न दुणे एकशे चार. हिशेब तंतोतंत लागला.

मघाशी प्रत्येक हात सारख्याच वेळा आला होता, म्हणून भागून काम भागलं. इथे काही हात एकदा आले आणि काही तीनदा. कुठल्याही एका आकड्यानं भागून ही चूक सुधारता येत नाही. आधी हात वेगळे करावे लागतात, नेमकी जोडी एका बाजूला आणि तिन्ही सारखी दुसऱ्या बाजूला. 'निदान' हा शब्द प्रश्नात दिसला की मी तिथेच पेन्सिलीनं खूण करतो, कारण 'आधी निदान तेवढी निवडू आणि मग उरलेलं काहीही चालेल' या रीतीत हीच खोट जवळजवळ नेहमी असते.

३,७९६ हे उत्तर खरं आहे हे दुसऱ्या बाजूनंही बघता येतं. नको असलेले हात मोजू, म्हणजे तिन्ही वेगळ्या किमतीचे. पहिलं पान बावन्नांपैकी कुठलंही, दुसरं वेगळ्या किमतीचं म्हणजे अठ्ठेचाळिसांपैकी, तिसरं दोघांहून वेगळं म्हणजे चव्वेचाळिसांपैकी. गुणाकार १,०९,८२४. इथे मात्र प्रत्येक हात सहाही क्रमांनी येतो, म्हणून सहानं भागायचं : १८,३०४. एकूण २२,१०० मधून वजा केले की ३,७९६ उरतात. दोन वेगळ्या वाटांनी एकच आकडा आला की मला बरं वाटतं.

भाचीला तरी वाटलं, सरळ पानं वाटूनच बघावं. मी तिला आकडे दाखवले. बरोबर उत्तराप्रमाणे शंभर हातांत सरासरी १७.२ वेळा निदान दोन सारखी येतील, चुकीच्या उत्तराप्रमाणे १७.६ वेळा. या दोघांतला फरक ओळखायचा तर सुट्टी संपेल, शाळा सुरू होईल, पण पानं वाटून होणार नाहीत. इथे गॅलिलिओच्या खेळाडूंसारखा दीर्घ अनुभवही पुरला नसता.

मग तिनंच एक गोष्ट केली, जी मी तिला सांगितली नव्हती. कॅटातून चार राजे आणि चार राण्या काढल्या, बाकीची चव्वेचाळीस पानं डब्यात ठेवली आणि म्हणाली, "मामा, एवढ्याच पानांचा कॅट असता तर?" आठ पानांतून तीनचे हात छप्पन्न होतात. आणि यातली कुठलीही तीन पानं उचलली, तरी दोन सारखी येणारच, कारण किमती दोनच आहेत आणि पानं तीन उचलायची आहेत. म्हणजे उत्तर छप्पन्नात छप्पन्न यायला हवं. तिनं आपल्या जवळच्या वाटेनं हिशेब केला : किमती दोन, प्रत्येकीच्या सहा जोड्या, तिसरं पान उरलेल्या सहांपैकी कुठलंही. दोन गुणिले सहा गुणिले सहा, बहात्तर. छप्पन्न हातांतून बहात्तर हात हवे तसे निघाले. कॅट लहान केल्यावर लपलेली चूक एवढी मोठी होऊन समोर आली. ती बराच वेळ त्या आठ पानांकडे बघत बसली. मग तीन राजे, तीन राण्या असे आठ हात वहीत लिहून काढले, प्रत्येकापुढे दोन रेघा ओढल्या, रेघा मोजल्या आणि खाली लिहिलं, सोळा.